ठकीच्या पोटातलं पाणी

श्रावणात माहेरी, फुलसावंगीला गेले होते. ओसरीत पाय ठेवला तोच कुबट वास आला. पोत्यांचा असेल असं आधी वाटलं, पण वास येत होता भाचीच्या काखेतून. तिथे ठकी होती. आजीच्या जुन्या लुगड्याची, पोटात घरचीच रुई भरलेली, हातभर लांब बाहुली. चार दिवसांपूर्वी भाचीने तिच्यावर दुधाची उलटी केली होती. वहिनीने ठकीला बादलीत बुडवून साबणाने घासलं, पिळलं आणि वळचणीखाली दोरीवर टांगलं. दोन दिवसांत कापड हाताला कोरडं लागलं, तेव्हा ती भाचीकडे परत गेली.

“धुतली तं चांगली होती, मंग वास काऊन येते वो?” वहिनी विचारत होती.

तिच्या मेहनतीत काही कमी नव्हतं. मऊ खेळणं मशीनमध्ये घालू नये हे बहुतेकांना ठाऊक असतं. का घालू नये, हे मात्र नीट सांगितलं जात नाही. मशीनने फाटेल, डोळे निघतील, एवढंच आपण धरून चालतो आणि त्याऐवजी बादलीत बुडवतो. बादलीतही पोटाचं तेच होतं. मशीन निदान जोरात फिरवून बरंचसं पाणी बाहेर फेकतं. हाताने तेवढं कधीच निघत नाही. अशा खेळण्याच्या बाबतीत मळापेक्षा पाणी जास्त नुकसान करतं, कारण मळ वर असतो आणि पाणी आत जाऊन बसतं.

आमच्या भागात हे लवकर समजायला हवं, कारण कापूस आमच्या अंगणातला आहे. शेतातून आलेला कापूस आणि औषधाच्या दुकानातला पांढरा कापूस यांत मोठा फरक असतो. रुईच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. जिनिंगमधून आणलेल्या रुईचा पुंजका साध्या पाण्यावर टाकला, तर तो बराच वेळ तरंगत राहतो. दवाखान्यातल्या कापसाचं मेण काढलेलं असतं, म्हणून तो लगेच पाणी पितो. आता त्याच तरंगणाऱ्या पुंजक्यावर साबणाचं पाणी टाकून दाबा. साबण त्या मेणावर मात करतो, तंतू भिजतो आणि पुंजका बुडतो. म्हणजे साध्या पाण्याच्या शिंतोड्यांनी ठकीचं पोट फारसं भिजलं नसतं. साबण लावून, दाबून, पिळून आपणच पाण्याला आत जायला वाट करून दिली. पिळल्याने आणखी एक होतं. ओल्या रुईचे तंतू एकमेकांत गुंतून घट्ट गोळे बनतात. त्या गोळ्यांच्या मधोमध वारा पोचतच नाही.

श्रावणातल्या हवेत तर मुळातच पाणी असतं. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कापसात १२ टक्क्यांहून जास्त ओलावा निघाला की तो घेत नाहीत, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. कापूस हवेतूनच ओलावा ओढतो, ही गोष्ट शेतात आपण जाणतो आणि घरात विसरतो. पॉलिएस्टरच्या फायबरचं तसं नाही. त्या तंतूच्या आत पाणी जवळजवळ शिरत नाही, ते फक्त दोन तंतूंच्या फटींत अडकतं आणि वारा मिळाला की निघून जातं. वर कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि ते बुरशीचं खाद्य आहे. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी धरते, हा सर्वसाधारण नियम. ठकीला चार दिवस झाले होते.

तरी कापड कोरडं लागत होतं, म्हणून वहिनीचा विश्वास बसेना. आम्ही दोन गोष्टी केल्या. स्वेटर विणायची लांब सुई पाठीच्या शिलाईतून हळूच पोटात सरकवली, पाच मिनिटं ठेवली आणि काढून गालाला लावली. गार लागली. बोटांना जो ओलावा कळत नाही तो गालाला कळतो. मग ठकीला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. वजन भरलं ४१८ ग्रॅम. रात्रभर पंख्याखाली ठेवून सकाळी पुन्हा नेली, ४०२. तिसऱ्या सकाळी ३९७. वजन उतरत होतं, म्हणजे आत पाणी होतंच. पण उतरण्याचा वेग मंदावत चालला होता, म्हणजे बाहेरचं पाणी गेलं होतं आणि आतल्याला वाट नव्हती.

हा काट्याचा उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. खेळणं धुण्याआधी वजन लिहून ठेवावं आणि वाळवताना रोज तोलावं. पहिल्या आकड्याशी येऊन वजन दोन दिवस तिथेच राहिलं, तर ते वाळलं. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यामुळे कापसाच्या बाहुलीचं वजन थोडं चढंच राहील, तेवढी सूट द्यावी. पण ती सूट पाच-दहा टक्क्यांची, दीडपटीची नाही. हात, नाक आणि घाई या तिन्हींपेक्षा काटा खरं सांगतो.

ठकी उघडायची ठरली. आजी आधी तयार होईना. तिने स्वतः शिवलेली बाहुली होती. “पोट फाडता का बाप्पा तिचं?” असं म्हणून ती उठून आत गेली आणि थोड्या वेळाने स्वतःच सुई-दोरा घेऊन आली.

भरलेल्या प्रत्येक खेळण्याला एक शेवटची शिलाई असते, मग ते घरचं असो की बाजारातलं. बाकीच्या शिलाया कापड उलटं करून आतून मारलेल्या असतात, म्हणून दिसत नाहीत. भरून झाल्यावर उरलेलं तोंड मात्र बाहेरून हातानेच शिवावं लागतं. ते बहुधा पाठीवर, कंबरेखाली किंवा दोन पायांच्या मध्ये असतं. बोट फिरवलं की तेवढाच भाग जरा कडक लागतो, टाके तिरपे दिसतात. उसवायची ती हीच शिलाई, दुसरी नाही. दुसरी उसवली तर आकार बिघडतो. उसवण्याआधी मोबाईलवर पुढून-मागून फोटो काढून ठेवला. डोळे कुठे, मान किती वाकडी, हे मुलाला पाठ असतं आणि आपल्याला नसतं.

नाकाला ओढणी बांधून आम्ही हे काम अंगणात केलं. बुरशीची पूड घरात उडू द्यायची नसते, आणि दम्याचं माणूस तर जवळही नको. चार बोटं जातील एवढं तोंड उघडून रुई काढली. कडेची पिवळसर आणि कोरडी होती, मधल्या मुठीएवढ्या गोळ्यावर काळे-राखाडी ठिपके होते. वहिनीने तो गोळा पाहिला आणि मग काहीच विचारलं नाही.

आजीचं म्हणणं होतं की रुई कडक उन्हात टाकू, पिंजून घेऊ, पुन्हा भरू. गादीची जुनी रुई पिंजाऱ्याकडून पिंजून घेऊन पुन्हा वापरणं ही आपली चांगली रीत आहे. रुई नुसती दबलेली, गाठी झालेली असेल तर तेच करावं. बाहुलीपुरती रुई तर घरातच हाताने मोकळी करता येते. पण बुरशी लागलेली रुई तोंडाशी धरायच्या वस्तूत परत घालू नये. उन्हाने बुरशीची वाढ थांबते, तिचे कण आणि वास रुईतच राहतात. आम्ही ती जाळली. पोटातून निघालेली एक सरकी तेवढी आजीने उचलून बाजूला ठेवली.

राहिलं कापड, वजन ७० ग्रॅम. रिकामं झालेलं कापड म्हणजे साधं धुणं. फक्त रंगाची परीक्षा आधी करायची. लुगड्याचा लाल काठ आणि काजळासारखे काळे डोळे, दोन्ही धोक्याचे. पांढऱ्या चिंधीवर शाम्पूचं पाणी घेऊन ती काठाच्या आतल्या बाजूला मिनिटभर दाबून धरली. चिंधीवर अगदी फिकट गुलाबी छटा आली. अशा वेळी भिजत घालायचं नाही. गार पाण्यात झटपट धुवायचं, लगेच टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि पसरून वाळवायचं. दुधाच्या डागाला पाणी गारच हवं. दूध, उलटी, लघवी यांतली प्रथिनं गरम पाण्याने शिजल्यासारखी होतात आणि धाग्याला चिकटून बसतात. ठकीच्या छातीवरचा डाग दुसऱ्या हाताला गेला.

धुताना हळदीची गंमत झाली. ठकीच्या गालावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. कपडे धुण्याचा साबण लागताच ते पिवळं बोट लालभडक झालं आणि रंग फुटला म्हणून वहिनी घाबरली. पण रंग कापडाचा नव्हता. हळदीतला रंग साबणाच्या क्षारात लाल होतो. कुंकू करताना हळदीला चुना लावतात तेच हे. भरपूर पाण्याने साबण काढला की ते पुन्हा पिवळं होतं. मग घासत बसू नये, उन्हात ठेवावं. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. श्रावणातलं ऊन तासा-दोन तासांचंच, तरी तीन दिवसांत गाल जवळजवळ स्वच्छ झाला.

ठकीचं निभावलं कारण तिला उसवता आलं. भाचीचं दुसरं खेळणं होतं जत्रेतलं तपकिरी अस्वल. पोट दाबलं की गाणं म्हणणारं, चिकटवलेल्या डोळ्यांचं. त्याच्या पोटात प्लॅस्टिकची डबी, डबीत बटणासारखे सेल. अशी डबी पाण्यात गेली की गाणं बंद पडतं, हे सगळ्यात कमी नुकसान. सेल गंजतात, पांढरी-हिरवी पूड सुटते, आणि डबीचं झाकण सैल असेल तर सेल बाहेर येतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजतं. म्हणून डबीला स्क्रू आहे का आणि तो घट्ट आहे का, हे साफसफाईच्या आधी पाहायचं. पाठीला चेन किंवा चिकटपट्टी असेल तर डबी काढूनच ठेवायची. आमच्या अस्वलाला काहीच नव्हतं, पोट चारी बाजूंनी शिवलेलं. तेव्हा पाण्याने नाही, फेसाने धुवायचं.

फेसाचं धुणं असं. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर शाम्पू घालायचा आणि ताक घुसळायच्या लहान रवीने घुसळायचा, वर घट्ट फेस येईपर्यंत. खाली पाणी राहतं, त्याला हात लावायचा नाही. फेसात हवा जास्त आणि पाणी अगदी थोडं असतं, त्यामुळे तो केसांवरचा मळ धरतो पण आत उतरत नाही. जुन्या मऊ टूथब्रशवर फक्त फेस घ्यायचा आणि तळहाताएवढ्या जागेवर केसांच्या दिशेने फिरवायचा. मग गार पाण्यात बुडवून करकचून पिळलेल्या फडक्याने तो पुसून घ्यायचा, फडकं धुवून पुन्हा एकदा पुसायचं, आणि कोरड्या टॉवेलने दाबून टिपायचं. तेवढी जागा संपली की पुढची. सगळं अस्वल एकदम फेसाने माखलं तर पुसेपर्यंत फेसाचं पाणी होतं आणि ते आत जातं. आमच्या अस्वलाला पाऊण तास लागला.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर साबणाची वडी इथे वापरू नये. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गाठ पडली की चिकट पांढरा साका तयार होतो. तो केसांत अडकतो आणि वाळल्यावर अस्वल खरखरीत लागतं. पुष्कळ बायका तेव्हा साबण कमी पडला असं समजून आणखी लावतात. शाम्पूला जड पाण्याचा तेवढा त्रास होत नाही, रिठ्यालाही नाही. रिठा चांगला, पण फिकट खेळण्यावर त्याचा पिवळट डाग राहू शकतो आणि डोळ्यांना तो झोंबतो. गडद रंगाला रिठा, फिकटाला शाम्पू, असं मी करते.

खालच्या थरात पाणी गेलं का, हेही तपासता येतं. धुतलेल्या जागेवर कोरडं पांढरं फडकं ठेवून त्यावर मिनिटभर तळहात जोरात दाबायचा. फडक्यावर ओला डाग उमटला तर हात आवरायचा आणि खेळणं पंख्याखाली टांगायचं. गरम हवा, इस्त्री, चूल यांच्याजवळ न्यायचं नाही. हे केस पॉलिएस्टरचे किंवा अ‍ॅक्रिलिकचे असतात; तापले की वळतात, एकमेकांना चिकटतात आणि ब्रशने परत सरळ होत नाहीत. एप्रिल-मेमध्ये टिनाच्या पत्र्यावर वाळत घालण्याचा मोह होतो, पण तापलेल्या पत्र्यावर डोळ्यांचा डिंकही सैल होतो. निघालेला डोळा थेट मुलाच्या तोंडात जातो.

अस्वलाच्या पायांना काळ्या मातीचे थर होते. यात एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते: माती ओली असतानाच पुसली जाते. काळ्या मातीचे कण फार बारीक असतात, पाण्याने फुगतात आणि चिकट होतात; ओल्या चिखलावर फडकं फिरवलं की ते केसांच्या मुळाशी दाबले जातात आणि तिथे करडी छटा कायमची बसते. चिखल लागला की थांबायचं. एक दिवस, हवे तर दोन. उन्हात जमीन भेगाळते तसा तो थर आपसूक तडकतो. मग खेळणं उलटं धरून झटकायचं, कोरड्या ब्रशने काढायचं आणि जे उरेल त्यालाच फेस लावायचा. आमच्याकडे फेसाच्या वाटेला फारसं काही उरलं नाही.

आता जे दिसत नाही त्याचं. भाचीला रात्री शिंका येतात, सकाळी नाक वाहतं. अशा मुलांच्या बाबतीत डॉक्टर घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांबद्दल सांगतात. हे किडे आपल्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात, त्यांना ओलसर हवा लागते, आणि रात्रभर मुलाच्या तोंडाशी असणारी भरलेली बाहुली त्यांना उशीइतकीच सोयीची. ५५-६० अंशांच्या गरम पाण्यात ते मरतात, पण आपलं खेळणं तर धुता येत नाही. त्यावरचा मार्ग म्हणजे थंडी. खेळणं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये पूर्ण एक दिवस ठेवलं की किडे मरतात. बहुतेक घरांतल्या एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा मात्र इतका थंड नसतो, आणि दार दर थोड्या वेळाने उघडलं जातं. ओळखीच्या किराणावाल्याकडे आइस्क्रीमचा डीप फ्रीझर असेल तर तो विचारावा. आम्ही विचारला. पिशवीवर पिशवी घालून, गाठ मारून, अस्वल रात्रभर आणि दुसरा दिवसभर कुल्फ्यांशेजारी राहिलं.

एवढ्यावर काम संपत नाही. शिंका येतात त्या किड्यांच्या विष्ठेने, आणि ती थंडीने नाहीशी होत नाही. म्हणून फ्रीझरमधून काढल्यावर पिशवी न उघडता खेळणं घरच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर गार अंगावर हवेतलं पाणी बसतं. मग अंगणात जोरात झटकायचं आणि फेसाने पुसायचं. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला जुन्या पायमोज्याचं कापड रबराने बांधून चालवावं, म्हणजे डोळे-बटणं ओढली जात नाहीत. हे सगळं एकदा करून भागत नाही. शिंकणाऱ्या मुलासाठी महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा करावं लागतं. उन्हाळ्यात आपल्याला एक फायदा आहे. सिडनीतल्या संशोधकांनी १९९४ साली दाखवलं की गालिचे उलटे करून कडक उन्हात ठेवले तर हे किडे मरतात, उष्णतेने आणि कोरडेपणाने. आमच्या यवतमाळच्या मे महिन्यात त्या दोन्हींची कमी नाही. गालिचा पातळ असतो, बाहुलीच्या पोटाच्या मध्यापर्यंत ती उष्णता पोचेलच असं नाही. म्हणून उन्हात ठेवताना कापड किंवा चटई अंथरून, दर तासाला उलटं करून ठेवावं.

काही खेळणी वाचवू नयेत. ज्यात उंदराने घर केलं, जी पुराच्या किंवा गटाराच्या पाण्यात भिजली, ज्यांचं पोट उघडता येत नाही आणि ज्यांना बुरशीचा वास येतो, ती टाकावीत. मुलाला न सांगता टाकू नयेत.

ठकीला पुन्हा भरायचं होतं. मी फायबर सुचवलं. ते आठवडी बाजारात उशीवाल्याकडे मिळतं आणि पुढच्या वेळी ठकी सरळ धुता आली असती. आणून भरलंही. भाचीने तिला उचललं, दोनदा वर-खाली केलं आणि “ही आपली नाही” म्हणून गादीवर ठेवून दिलं. ठकी हलकी झाली होती. मूल बाहुलीला वजनाने आणि वासानेही ओळखतं, हे मी हिशेबातच धरलं नव्हतं.

तोड आजीने काढली. तिने जुन्या मलमलीची उशीच्या खोळीसारखी पिशवी शिवली, धड आणि डोकं दोन्हींत सलग बसेल अशी. त्यात घरची नवी रुई हाताने पिंजून भरली, १८० ग्रॅम, आणि खोळीचं तोंड शिवून टाकलं. हात-पायांत फायबरच राहू दिलं, चिमूटभर, काट्यावर नोंदही न होण्याइतकं. ही खोळ ठकीच्या पोटात सरकवली. पाठीवर आता बटण नाही की चेन नाही, गिळण्यासारखं काहीच नाही. जाड दोऱ्याचे लांब टाके आहेत, जे मिनिटात उसवता येतात. पुढच्या उलटीला खोळ बाहेर काढायची, कापड धुवायचं, खोळ उन्हात टाकायची.

काट्यावर ठकी २५० ग्रॅम भरली. किराणावाल्याने तो आकडा बिलाच्या कागदावर लिहून दिला, आणि वहिनीने तो कागद स्वयंपाकघरात, दुधाच्या हिशेबाच्या वहीत ठेवला.